चित्रस्थळ निश्चिती

एखाद्या चित्रात, रेखाटनात किंवा जुन्या कोरीव छापचित्रात दिसणारी जागा नेमकी कोणती आणि चित्रकार कुठे उभा राहून ती पाहत होता, हे तिथल्या इमारती व भूरूपे आजच्या जागेशी ताडून ठरवणे म्हणजे चित्रस्थळ निश्चिती. चित्राखालचे नाव इथे पुरावा म्हणून धरत नाहीत. ते पुष्कळदा प्रकाशकाने घातलेले असते. शिवाय मूळ रेखाटन एकाचे, तांब्याच्या पत्र्यावरचे कोरीवकाम दुसऱ्याचे आणि दोघांमध्ये हजारो मैलांचे अंतर, असेही अनेकदा घडलेले असते.

नुसते सारखेपण फारसे उपयोगाचे नसते. नदी, काठावरचे देऊळ आणि मागे डोंगर हे दृश्य महाराष्ट्रात शंभर ठिकाणी सापडेल. उपयोगी पडते ती वस्तूंची आपसातली मांडणी: कोण कोणाच्या मागे झाकले आहे, कोण किती उजवीकडे सरकले आहे. पाहणारा जागेवरून हलला की ही मांडणी बदलते, आणि जवळची वस्तू दूरच्या वस्तूपेक्षा जास्त सरकते. म्हणून दोन वस्तू एका रेषेत दिसत असतील, तर चित्रकार त्याच रेषेवर कुठेतरी होता. अशा दोन रेषा मिळाल्या तर त्या जिथे छेदतात ती त्याची जागा.

मुंबई बंदराच्या जुन्या दृश्यांवर ही रीत चांगली चालते. तिथला किनारा भरावाने पार बदलला आहे. बॅलार्ड इस्टेटची जमीनच 1914 ते 1918 या काळात समुद्रातून वर आली, त्यामुळे किनाऱ्याचा आकार जुळवत बसण्यात अर्थ नाही. पलीकडचे डोंगर मात्र जागचे हललेले नाहीत. त्यांतली सर्वांत मोलाची खूण म्हणजे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका; इंग्रज त्याला ‘फनेल हिल’ म्हणत. अपोलो बंदरावरून पाहिले तर घारापुरी साधारण 10 किलोमीटरवर आहे आणि कर्नाळा 30 किलोमीटरवर. दोघांमध्ये सुमारे 32 अंशांचे अंतर दिसते. हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंश झाकते, तेव्हा घारापुरीच्या उजवीकडे तीन मुठींहून थोडे जास्त सरकल्यावर सुळका येतो. आता किनाऱ्याने उत्तरेकडे चालायला लागलो की हे अंतर दर किलोमीटरला जवळपास 4 अंशांनी कमी होते. माझगावपाशी ते 13 अंशांच्या आसपास उरते, आणि शिवडीच्या अलीकडेच सुळका बेटाच्या मागे जाऊन पुढे डाव्या बाजूला निघू लागतो. चित्रात हे अंतर 20 अंशांचे भरले, तर चित्रकार अपोलो बंदराच्या उत्तरेला साधारण 3 किलोमीटरवर होता. मोजताना एका अंशाची चूक झाली, तर जागा पाव किलोमीटर चुकते.

पण चित्रात अंश लिहिलेले नसतात. त्यासाठी आधी दृश्यातल्या ज्या दोन खुणा निःसंशय ओळखता येतात त्या घ्यायच्या, एक संभाव्य जागा धरून नकाशावर त्यांच्यातला कोन मोजायचा आणि त्यावरून कागदावरच्या एका सेंटिमीटरला किती अंश पडतात ते काढायचे. मग तिसऱ्या आणि चौथ्या खुणेवर ते माप लावून पाहायचे. त्या जिथे पडायला हव्यात तिथे पडल्या नाहीत, तर धरलेली जागा सोडून द्यायची. इथे सर्वांत जास्त फसवते ती उंची. डोंगर उभे ताणून काढण्याची सवय चित्रकारांना असतेच, आणि सह्याद्रीचे सपाट माथे युरोपातल्या कोरक्याच्या हाती पडले की त्यांची टोकदार शिखरे होतात. म्हणून आडवी अंतरे जुळवावीत. उंचीवर भिस्त ठेवू नये.

दुसरा धोका उलट्या प्रतिमेचा. कोरक्याने रेखाटन जसेच्या तसे पत्र्यावर उतरवले, तर छापात डावे उजवे होते. बंदराच्या चित्रात सुळका घारापुरीच्या डावीकडे दिसला, तर दोन शक्यता असतात: चित्रकार शिवडीजवळ किंवा तिच्याही उत्तरेला असेल, किंवा छाप उलटा असेल. निवाडा चित्रातले बारीकसारीक तपशील करतात. सगळ्याच शिपायांच्या तलवारी डाव्या हातात असतील, तर चित्र आरशात धरून पुन्हा मोजावे.

शहरातल्या गल्लीत क्षितिजच नसते, तेव्हा कागदपत्रांना विचारावे लागते. याचे उत्तम उदाहरण डच चित्रकार व्हर्मीरच्या ‘छोटी गल्ली’ या चित्राचे. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधले हे छोटेसे चित्र 1658 च्या सुमाराचे आहे. उजवीकडे पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याचे जुने विटांचे घर, दारात शिवणकाम करणारी बाई, आणि ते घर व डावीकडचे घर यांच्या मध्ये एकमेकांना लागून दोन बोळांची दारे. व्हर्मीरच्या डेल्फ्ट गावातली ही जागा कोणती, यावर अनेक तर्क झाले होते आणि काहींना ती कल्पनेतलीच वाटत होती.

फ्रान्स ग्रेझेनहाउट या कलेतिहासकाराने 2015 मध्ये जाहीर केलेला शोध चित्रातल्या सर्वांत नजरेत न भरणाऱ्या गोष्टीवर, म्हणजे त्या दोन बोळांवर, उभा आहे. डेल्फ्टच्या कालव्यांतला गाळ काढायचा आणि धक्के सांभाळायचे, तर काठावरच्या घरमालकांनी कर द्यायचा, आणि तो घराच्या रुंदीवर ठरायचा. 1667 ची ती करवही शिल्लक आहे. तीत प्रत्येक घराची आणि मधल्या बोळांची रुंदी साधारण 15 सेंटिमीटरच्या अचूकतेने नोंदलेली आहे. चित्रावरून अंदाज निघाला तो असा: दोन घरे, प्रत्येक सुमारे 6.3 मीटर रुंद, आणि मध्ये सुमारे 1.2 मीटरचे दोन लगतचे बोळ. घरांची ही रुंदी एकटी घेतली तर पुष्कळ ठिकाणी सापडते. पण अशा दोन घरांच्या मध्ये असे दोन बोळ हा मेळ फ्लामिंगस्ट्राट या कालव्याकाठच्या रस्त्यावर, आजच्या 40 आणि 42 क्रमांकांपाशीच बसला.

मग एक गोष्ट मिळाली जी आधीच्या मोजमापात कुठेच वापरलेली नव्हती, आणि माझ्या मते खरे वजन तिलाच आहे. उजवीकडचे घर व्हर्मीरच्या वडिलांच्या सावत्र बहिणीचे निघाले. ती विधवा होती, वजडी विकून मुलांना वाढवत होती, आणि शेजारच्या बोळाचे नाव होते ‘पेन्सपोर्ट’, म्हणजे वजडीची वेस. व्हर्मीरची आई आणि बहीणही त्याच कालव्यावर राहत होत्या. रुंदी जुळवताना आपण नकळत ओढाताण करू शकतो. नात्याची नोंद तशी ओढून आणता येत नाही.

आता तिथे गेलो तर चित्रातली घरे दिसत नाहीत. दोन्ही जागी एकोणिसाव्या शतकातली घरे उभी आहेत, आणि ओळखू येतो तो फक्त उजवीकडचा बोळ. या निष्कर्षावर वास्तुइतिहासाच्या अभ्यासकांनी आक्षेपही घेतले आहेत. मुख्य अडचण अशी, की 6.3 मीटर हा आकडा चित्रावरून काढलेला आहे. त्यात विटांचे आणि दारांचे आकार चित्रकाराने इमाने काढले आहेत असे गृहीत धरावे लागते. व्हर्मीर तर रचनेसाठी वस्तू सरकवत असे. त्याने घर पाऊण मीटरने जास्त रुंद काढले असेल, तर करवहीतली दुसरीही उत्तरे विचारात घ्यावी लागतात.