जास्त टक्के म्हणजे जास्त फायदा?

‘याचा परतावा 20 टक्के, त्याचा 15. मग विचार कसला करायचा?’ असं ठामपणे म्हणणारी माणसं मला वारंवार भेटतात. दोनपैकी एकच प्रकल्प हाती घेता येणार असेल, तर हा हिशेब फसू शकतो.

दोन्ही प्रकल्पांना आज 1000 लागतात असं धरू. पहिला वर्षाअखेर 1200 देतो आणि संपतो. दुसरा वर्षभर काहीच देत नाही. दोन वर्षांनी एकदम 1320 देतो. पुढे मिळणारे पैसे एखाद्या दराने आजच्या किमतीत आणून त्यातून आजचा खर्च वजा केला की उरतं ते निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही. ज्या दराने ते शून्य होतं तो अंतर्गत परतावा दर, म्हणजे आयआरआर. तो पहिल्याचा 20 टक्के आणि दुसऱ्याचा साधारण 14.9 टक्के भरतो.

आता समजा, आपल्याला भांडवल 6 टक्क्यांनी पडतं. त्या दराने पहिल्याचं एनपीव्ही 132 येतं आणि दुसऱ्याचं 175. कमी टक्क्यांचा प्रकल्प पुढे गेला! दर 14 टक्के धरला, तर पहिल्याचं 53 आणि दुसऱ्याचं जेमतेम 16. दुसऱ्याचे पैसे उशिरा येतात, त्यामुळे दर वाढला की त्याला दोन वर्षांची कात्री लागते, पहिल्याला एकाच वर्षाची.

मग पारडं फिरतं कुठे? मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. दुसऱ्यातून पहिला वजा करा. आज शून्य, वर्षाने उणे 1200, दोन वर्षांनी अधिक 1320. म्हणजे दुसरा प्रकल्प निवडणं हे वर्षाअखेर मिळणारे 1200 आणखी वर्षभर गुंतवून 1320 घेण्यासारखंच आहे. या जादा गुंतवणुकीवर मिळतात 10 टक्के. हाच क्रॉसओव्हर रेट. या दराला दोघांचंही एनपीव्ही 91 येतं. अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी 1930 साली अशाच फरकाच्या दराचा विचार मांडला, म्हणून याला फिशर दरही म्हणतात.

भांडवल 6 टक्क्यांनी मिळत असताना 10 टक्के देणारी गुंतवणूक सोडायची कशाला? पहिल्याचे 20 टक्के खरेच आहेत, पण ते एकाच वर्षाचे. हाती आलेले 1200 पुढे 6 टक्क्यांनीच गुंतवावे लागले, तर त्यांचे 1272 होतात, 1320 नव्हे. नुसता टक्क्यांचा आकडा ठळक छापणाऱ्या जाहिराती किती रकमेवर आणि किती काळ हे सांगत नाहीत, तेव्हा नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

अर्थात पहिला प्रकल्प वर्षाने त्याच अटींवर पुन्हा करता येणार असेल, तर ही तुलना मोडते. मग दोन्हीकडे दोन-दोन वर्षांचा हिशेब मांडावा लागतो. शिवाय वजाबाकीच्या रांगेत चिन्ह दोनदा बदललं, उदाहरणार्थ खाण बंद करताना शेवटी मोठा खर्च आला, तर दोन क्रॉसओव्हर रेट निघू शकतात. तिथे ‘या दराच्या खाली दुसरा, वर पहिला’ हा नियम चालत नाही. आपल्या भांडवलाच्या दराने दोन्ही एनपीव्ही काढायचे आणि मोठं ते घ्यायचं.