जवळचा रायडर सोडून लांबच्याला ऑर्डर का जाते?

खानावळीच्या दारात रायडर उभा असतो आणि ऑर्डर घ्यायला दुसराच कुठून तरी येतो. हे पाहून बऱ्याच जणांना वाटतं की ॲप गंडलंय. बहुतेक वेळा तसं नसतं.

रत्नागिरीचं उदाहरण घेऊ. माळनाक्यावर एक रायडर आहे, त्याला क म्हणू. साळवी स्टॉपवरचा दुसरा ख. पहिली ऑर्डर मारुती मंदिराजवळच्या खानावळीची, आणि काही सेकंदांत दुसरी येते मांडवीची. क ला मारुती मंदिर ३ मिनिटं आणि मांडवी ६ मिनिटं धरा. ख ला तेच ४ आणि १४. ‘जवळच्याला द्या’ या नियमाने पहिली ऑर्डर क ला जाते, मग ख ला थेट मांडवी गाठावी लागते. एकूण १७ मिनिटं. अदलाबदल केली तर ४ अधिक ६, म्हणजे फक्त १०.

म्हणून ऑर्डर आल्या आल्या वाटत नाहीत. थोडे सेकंद साठवून सगळ्या एकदम सोडवतात. पण १० रायडर आणि १० ऑर्डरी असल्या तर जोड्या लावण्याचे ३६,२८,८०० प्रकार होतात. ते सगळे तपासावे लागत नाहीत, कारण हॅरॉल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाने १९५५ मध्ये एक सुरेख रीत मांडली. केनिग आणि एगरवारी या हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर ती उभी असल्यामुळे तिला त्याने ‘हंगेरियन पद्धत’ म्हटलं.

आपल्या मिनिटांचं कोष्टक कागदावर मांडा, पहिला स्तंभ मारुती मंदिराचा आणि दुसरा मांडवीचा. क ची ओळ ३, ६ आणि ख ची ४, १४. प्रत्येक ओळीतून तिचा सर्वांत लहान आकडा वजा करा: ०, ३ आणि ०, १०. आता तेच उभ्या स्तंभांत करा. दुसऱ्या स्तंभातून ३ गेले, उरलं ०, ० आणि ०, ७. प्रत्येकाला वेगळ्या ऑर्डरीचं शून्य मिळालं की तीच सर्वांत स्वस्त वाटणी. ख कडे एकच शून्य आहे, मारुती मंदिराचं. ते त्याला दिलं की क ला मांडवीचं शून्य उरतं. एका ओळीतून सारखाच आकडा वजा केल्याने कुठली वाटणी स्वस्त हे बदलत नाही, कारण त्या रायडरला कुठली तरी एक ऑर्डर मिळणारच असते. कोष्टक मोठं असलं की शून्यं कमी पडतात, मग आणखी पायऱ्या लागतात. जिथे तिथे ‘एआयची कमाल’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा हाताने करून पाहावं.

मारुती मंदिरच्या गिऱ्हाइकाचा यात तोटा होत नाही. जेवण तयार व्हायला १० मिनिटं लागणार असतील, तर रायडर तिसऱ्या मिनिटाला आला काय आणि चौथ्याला आला काय, सारखंच.

दोन ऑर्डरी एकाच रायडरला देताना, म्हणजे बॅचिंग करताना, ती जोडी याच कोष्टकात एक ऑर्डर म्हणून धरता येते. फेरी वाचते, पण दुसऱ्याचं जेवण थांबतं, म्हणून उशिराला मर्यादा घालतात. इथे कोकणात सरळ रेषेतलं अंतर फसवतं. मांडवी आणि भाट्ये नकाशावर शेजारी दिसतात, पण मध्ये खाडी आहे आणि रस्ता भाट्याच्या पुलावरून फिरून जातो. त्यामुळे रस्त्याची मिनिटंच मोजावी लागतात. आणि ऑर्डरी मुळातच विरळ असतील, वाड्यावाड्यांत विखुरलेल्या, तर जोडीला दुसरी मिळेपर्यंत थांबण्यात पहिलीची आमटी नुसती गार होते.