गिअर आधीच पडलेला असतो

ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गाडीत गिअर कधी बदलला ते कळतही नाही. वाटतं, आत कुणीतरी दांडा फार चपळाईने ओढत असेल. खरं तर ओढाओढ आधीच उरकलेली असते.

मॅन्युअलमध्ये तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना आपण क्लच दाबतो आणि इंजिनला गिअरबॉक्सपासून तोडतो. आतली दातेरी चाकं एकमेकांत कायम गुंतलेलीच असतात. शाफ्टला कोणतं चाक जखडायचं, एवढंच दांडा ठरवतो. मात्र जखडण्याआधी दोघांचा वेग जुळावा लागतो. ते काम सिंक्रोनायझरची कडी घासून करते. ती झिजली की गिअर टाकताना कर्र वाजतं. क्लच पुन्हा सुटेपर्यंत गाडीला इंजिनचा जोर मिळत नाही. ती नुसती घरंगळते.

ड्युअल क्लचमध्ये एका पोकळ शाफ्टच्या पोटातून दुसरा शाफ्ट जातो आणि प्रत्येकाला स्वतःचा क्लच असतो. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. 2003 साली फोक्सवॅगनने गोल्फ आर32मध्ये आणलेला सहा गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स याच रचनेचा.

समजा, तिसऱ्याचं गुणोत्तर 1.5 आणि चौथ्याचं 1.1 आहे, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे तेवढे फेरे. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतंय. तुम्ही वेग वाढवताय हे पाहून गिअर बदलणाऱ्या गाडीच्या संगणकाने चौथा गिअर केव्हाच टाकून ठेवलाय. त्याचा शाफ्ट 2200 फेऱ्यांनी फिरतोय, पण क्लच उघडा असल्याने तो बिनकामाचा. बदलायची वेळ आली की एक क्लच सैल होत असतानाच दुसरा आवळला जातो. जोर एका हातातून दुसऱ्या हातात जातो, मध्ये जवळजवळ खंड न पडता. मग इंजिन 2200वर उतरतं. सगळं मिळून सेकंदाचा काही दशांश.

अंदाज चुकला की मात्र ही चपळाई जाते. चौथ्यात असताना संगणकाने पाचवा तयार ठेवला आणि तुम्ही ओव्हरटेकसाठी अॅक्सिलरेटर जोरात दाबलात, तर पाचवा काढून तिसरा टाकावा लागतो. ती क्षणभराची अडखळ पायाला जाणवते. चौथ्यावरून थेट दुसऱ्यावर जाणं आणखी अवघड, कारण दोघे एकाच शाफ्टवर आहेत.

खरी परीक्षा ट्रॅफिकमध्ये. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते तेव्हा क्लच पूर्ण आवळता येत नाही. संगणक सतत हाफ क्लचवर गाडी चालवत राहतो आणि घर्षणाने क्लच तापतो. तेलात बुडालेल्या क्लचची उष्णता तेल वाहून नेतं, कोरड्या क्लचला ती सोय नाही. गाडी उचलताना थरथर, जळका वास किंवा डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना, ही त्याची लक्षणं. चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरू नये, ब्रेक दाबून उभी करावी. पुढच्या गाडीमागे इंच इंच सरकण्यापेक्षा थोडी जागा मोकळी होऊ द्यावी आणि मग एकदाच पुढे जावं. तेवढ्याने क्लच पूर्ण जुळतो आणि घासणं थांबतं.