उत्तरपूजा वेगळी, मूर्ती पाण्यात सोडणं वेगळं

राजेहो, काल रात्री पावणेबाराला सोसायटीच्या ग्रुपवरचं गणपती विसर्जनाचं बोलणं बंद केलं ते मी. कोणाची बाजू घ्यायची म्हणून नाही, तर काका आणि वहिनी दोघंही एकाच शब्दाचे दोन अर्थ धरून भांडत होते आणि ते दोघांनाही दिसत नव्हतं. सकाळी चहा घेत सगळे मेसेज पुन्हा वाचले. आवाज कितीही मोठा असला तरी मूळ गोष्टी तीनच आहेत.

चौथ्या मजल्यावरच्या घरी अनंत चतुर्दशीला दुपारी उत्तरपूजा झाली, पण संध्याकाळी पाऊस लागला आणि मूर्ती रात्रभर पाटावरच राहिली. त्यावर ‘देव घरात कोंडून ठेवला, दोष लागतो’ असं लिहिलं गेलं. बी विंगमधल्या एका दादांनी आरती केली, बाप्पा मोरया म्हटलं आणि मूर्ती महापालिकेच्या टाकीत सोडली. उत्तरपूजा करायची असते हेच त्यांना माहीत नव्हतं, पण मूर्ती वेळेत पाण्यात गेली म्हणून त्यांना कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या घरी टबात विसर्जन केलं म्हणून ‘बाप्पाला बादलीत बुडवलं’ हे वाक्य आलं आणि तिथून पुढे सगळंच सुटलं.

आपण ‘विसर्जन’ म्हणतो तेव्हा दोन कामं बोलतो. एक, देवाला निरोप देणं. दुसरं, ज्या मातीत देव होता ती माती पाण्यात सोडणं. पहिलं पूजेतलं काम आहे, ते मंत्राने आणि अक्षतांनी होतं. दुसरं त्यानंतरचं, मूर्तीचं काय करायचं याचं. फुटाळा तलाव, टाकी, टब ही सगळी चर्चा या दुसऱ्या कामाची आहे.

चतुर्थीला आपण प्राणप्रतिष्ठा करतो, म्हणजे मातीच्या मूर्तीत देवाला बोलावतो. बोलावलेल्याला निरोपही द्यावा लागतो, तो उत्तरपूजेत. इथला ‘उत्तर’ उत्तरार्धातला, म्हणजे नंतरचा. बऱ्याच घरी मूर्ती थोडी उत्तर दिशेला सरकवतात, त्यामुळे दिशेवरून नाव पडलं असं वाटतं, पण तसं नाही. आचमन, संकल्प, मग गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य अशी पंचोपचार पूजा, आरती, मंत्रपुष्पांजली. नैवेद्याला दहीपोहे किंवा दहीभात, शिदोरी म्हणून. शेवटी हातात अक्षता घेऊन म्हणायचं: ‘यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम् । इष्टकामप्रसिद्ध्यर्थं पुनरागमनाय च ॥’ देवगण हो, पूजा स्वीकारून आता जा आणि इच्छा पुरवायला पुन्हा या, इतका साधा अर्थ. काही पोथ्यांत ‘पार्थिवीम्’च्या जागी ‘मामकीम्’ आहे. त्यावरूनही काल दोन मेसेज होते, दोन्ही चालतात. अक्षता मूर्तीवर वाहिल्या, मूर्ती जागेवरून जराशी हलवली, की देवाचं विसर्जन झालं. पाण्याचा थेंबही लागला नाही अजून.

हे पटत नसेल तर आपल्याच घरातल्या महालक्ष्म्या आठवा. ज्येष्ठा-कनिष्ठा अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्यांचं जेवण होतं, मूळ नक्षत्रावर त्या जातात. त्या दिवशी सासूबाई अक्षता टाकतात, मुखवटे जरा हलवतात, दोऱ्याच्या गाठी घेतात. मग लुगडी उतरवून घडी होते, मुखवटे जुन्या मऊ धोतरात गुंडाळून ट्रंकेत आणि ट्रंक माळ्यावर. ‘महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं’ असं आपणच म्हणतो ना? मुखवटे घेऊन फुटाळ्यावर कोणी गेलंय का कधी? आणि माळ्यावर ट्रंकेत वर्षभर देव कोंडला असंही कोणी म्हणत नाही, कारण निरोप झालेला असतो. सत्यनारायणातल्या सुपारीच्या गणपतीचं तेच. अक्षता टाकल्यावर ती पुन्हा सुपारी होते आणि कलशाचं पाणी घरभर शिंपडलं जातं. तांदूळ तर स्वयंपाकघरात जातात.

म्हणून चौथ्या मजल्यावर रात्रभर पाटावर जे होतं ती शाडूची मूर्ती होती. आदराने ठेवायची, सकाळी पाण्यात सोडायची, एवढंच बाकी होतं. चूक झाली असेल तर बी विंगमध्ये, आणि तीही जीव टांगणीला लावावा अशी नाही. आपल्या गुरुजींना सकाळी फोन करून विचारलं. ते म्हणाले, देवासमोर बसून क्षमाप्रार्थना म्हणा, पुढच्या वर्षी लक्षात ठेवा. ती प्रार्थना आपण दरवेळी म्हणतो, फक्त कान देत नाही: ‘आवाहनं न जानामि न जानामि विसर्जनम्’. बोलवायचं कसं माहीत नाही, निरोप द्यायचा कसा तेही माहीत नाही. दादा, तुमचीच परिस्थिती पोथीत आधीपासून लिहून ठेवली आहे.

आता काका, तुमचा मुद्दा. वाहतं पाणीच हवं, आपले वाडवडील तसंच करत आले, असं तुम्ही म्हणता. भावना मला कळते, कारण आमचे बाबाही सायकलच्या कॅरिअरला पाट बांधून मूर्ती फुटाळ्यावर न्यायचे. पण फुटाळा तलाव आहे, भोसल्यांच्या काळचा बांधीव तलाव. सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर हे सगळे तलावच. नागपुरातल्या आपल्या वडिलांनी मूर्ती थांबलेल्या पाण्यातच सोडली. शहरात वाहणारी म्हणावी तर नागनदी, आणि तिच्यात काय वाहतं ते आपल्याला रोज नाक सांगतं. म्हणजे टब आणि तलाव यांत फरक पाण्याच्या प्रमाणाचा आहे, आणि तलावाला तळ असतो, गाळ असतो, मासे असतात, त्यांचाही.

वहिनी, तुमचंही सगळं बरोबर नाही. टब घेतला म्हणजे काम झालं असं नसतं. मूर्ती कशाची आहे यावर दुसरं काम पार पडणार की नाही ते ठरतं. शाडूची मूर्ती हाताला जड लागते. तळाचा न रंगवलेला भाग करडा दिसतो आणि ओलं बोट घासलं की मऊ चिखल बोटाला येतो. पीओपीची आकाराच्या मानाने हलकी, आतून पोकळ, तळ पांढरा, ओलं बोट फिरवलं तरी काही सुटत नाही. चितारओळीत मूर्ती घेतानाच उलटी करून तळ बघायचा, लाजायचं नाही.

आमच्याकडे परवा काय केलं ते सांगतो. फूटभर उंचीची शाडूची मूर्ती. उत्तरपूजेनंतर हार, दुर्वा, जानवं, वस्त्र, दागिने सगळं काढलं. दुर्वा-फुलं वेगळ्या टोपल्यात गेली, टबात नाही, नाहीतर ती कुजून पाण्याला वास येतो आणि मग ‘टबात वास आला’ म्हणून नवा वाद सुरू होतो. एकदाही न वापरलेला टब धुऊन पाटावर ठेवला, मूर्तीच्या मुकुटावर चार बोटं येईल इतकं पाणी. मूर्ती उभीच, दोन्ही हातांनी, हळू सोडली. पहिले बुडबुडे येतात तेव्हा ढवळायचा मोह होतो, पण ढवळायचं नाही, हात लावायचा नाही. आधी हातांच्या कडा आणि कान सुटले, मग सोंड. सकाळपर्यंत तळाला ढिगारा. वरचं निवळलेलं पाणी झाडांना घातलं, पण आमच्या मूर्तीला गेरू-हळदीचे रंग होते म्हणून. चकचकीत ऑइलपेंट किंवा वार्निश असेल तर ते पाणी तुळशीला घालू नका. खाली राहिलेली माती फार चिकण असते. नुसती कुंडीत भरली तर पाणी झिरपत नाही, मुळं कुजतात. चार भाग साध्या मातीत एक भाग मिसळायची.

पीओपीची असेल तर टबात ती आठवडाभर तशीच उभी राहते, आणि घरातल्या लहान पोराला रोज तेच दृश्य. पीओपी पाण्यात घट्ट होऊन जिप्सम बनतं आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे तीन किलोची मूर्ती आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतसुद्धा पूर्ण विरघळायची नाही. तलावात सोडली तरी ती विरघळत नाही, फक्त आपल्याला दिसेनाशी होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काढलेली पद्धत आहे: अमोनियम बायकार्बोनेट, साधारण मूर्तीच्या वजनाइतकं, पाण्यात टाकून मूर्ती दोन-तीन दिवस ठेवायची आणि मधूनमधून ढवळायची. खाली चुन्यासारखा साका बसतो, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट येतं. ते खत आहे, पण पातळ करून घालायचं. काल ग्रुपवर ‘खायचा सोडा टाका’ असं फिरत होतं. तो सोडा वेगळा, या पद्धतीतला नाही. अमोनियम बायकार्बोनेटला उग्र वास येतो, त्यामुळे बाथरूममध्ये दार लावून नका करू, गच्चीवर करा. आणि हे सगळं उत्तरपूजेनंतर. काकांना ढवळणं बघवणार नाही हे मला ठाऊक आहे, पण तेव्हा त्या टबात देव नसतो.

ज्यांच्याकडे पितळेची किंवा चांदीची मूर्ती बसते त्यांनी काल बोलायचंच टाळलं, आणि खरं तर उत्तर त्यांच्याकडेच होतं. त्यांच्याकडे उत्तरपूजा होते, मूर्ती पाण्यात एकदा बुडवून काढतात, पुसतात आणि कपाटात ठेवतात. निरोप पूर्ण, मूर्ती घरातच.

संध्याकाळी सहाला ग्रुप उघडतो. काकांनी आणि वहिनींनी एकमेकांना जे लिहिलं त्यातले चार मेसेज मी काढले आहेत, दोघांना फोन करून सांगितलंय. बी विंगच्या दादांना उत्तरपूजेची पोथी हवी आहे, माझ्याकडे एक जास्तीची आहे. आणि आमच्या टबातली माती अजून अर्धी शिल्लक आहे, कुंड्यांसाठी कोणाला पाहिजे असेल तर डबा घेऊन या, पिशवीत नेता येणार नाही, गळते.