पंढरपूरला पहिल्यांदा दर्शनाला जाताय? रांग, चप्पल, हार-प्रसाद आणि मोबाईलचं सगळं एकदा वाचून घ्या

आपल्या सोलापूरकरांना देवळात जायचं म्हणजे सिद्धेश्वरची सवय, तळ्याच्या कडेला चप्पल काढली, आत गेलो, हात जोडले, वीस मिनिटांत परत बाहेर. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, गाडीने दीड-दोन तासांचा रस्ता, म्हणून तिथंही तसंच असेल असं धरून लोक निघतात आणि मग दारात गेल्यावर कळतं की चप्पल एका दाराला आणि आपण दुसऱ्या दाराला, मोबाईल भावाच्या खिशात आणि भाऊ रांगेत कुठं तरी पुढं. शेजारच्या एका कुटुंबाला मी हेच सगळं मागच्या आठवड्यात समजावून सांगितलं, तेच इथं लिहून टाकतोय.

पात्रता वगैरे म्हणाल तर काही नाही, कुणीही जाऊ शकतं. हे आज साधं वाटतं पण 1947 साली साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा कुठं हे देऊळ दलितांना उघडलं. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर बडवे-उत्पात या पिढीजात पुजाऱ्यांचे हक्क संपले आणि आता पूजाअर्चा, रांग, देणगी सगळं मंदिर समितीच्या हातात आहे. याचा तुमच्याशी संबंध एवढाच की दर्शनाला पैसे लागत नाहीत. कुणी रस्त्यात गाठून म्हणालं की मालक एवढे द्या, तुम्हाला थेट आत सोडतो, तर हात जोडायचे आणि पुढं चालायचं. तुळजापूरला सशुल्क पास असतो त्यामुळे लोकांना इथंही असेल असं वाटतं, तीच फसायची जागा आहे.

आधी ठरवा, पदस्पर्श की मुखदर्शन

इथं दोन रांगा आहेत आणि दोन्ही वेगळ्या. पदस्पर्शात तुम्ही थेट गाभाऱ्यात जाता आणि विठोबाच्या पायावर डोकं ठेवता. मुखदर्शनात थोडं लांबून देव बघायचा आणि पुढं सरकायचं, ते पटकन होतं. पदस्पर्शाची रांग दर्शन मंडपातून जाते, तिथं जिने चढावे-उतरावे लागतात, बराच वेळ उभं राहावं लागतं आणि एकदा मध्ये शिरलात की परत फिरणं अवघड जातं कारण मागून लोक येतच असतात. एकादशीला, शनिवार-रविवारी आणि सुट्टीत रांग वाढते. आषाढीला तर ती गोपाळपूरच्या बाजूला पार लांब जाते, तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्याने पदस्पर्शाच्या नादाला लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. मंगळवार किंवा गुरुवार, एकादशी नसलेला, सकाळी लवकर, असा दिवस धरा.

अजून एक. रांग मधेच थांबते आणि नवीन माणूस घाबरतो की काय झालं. काही झालेलं नसतं. सकाळी अकराच्या सुमाराला महानैवेद्य असतो, दुपारी साडेचारच्या सुमाराला देवाचा पोशाख, संध्याकाळी पावणेसातच्या आसपास धुपारती, तेवढा वेळ दर्शन थांबतं आणि परत चालू होतं. त्यामुळे चारला रांगेत लागून पाचच्या एसटीचं स्वप्न बघू नका.

कागदपत्रं

साध्या दर्शनाला काहीच लागत नाही. ऑनलाईन टोकन किंवा पाद्यपूजा, तुळशी पूजा यातलं काही बुक करायचं असेल तर समितीची साईट vitthalrukminimandir.org आहे, तिथून करायचं आणि ज्यांच्या नावाने बुकिंग आहे त्यांचं ओळखपत्र सोबत ठेवायचं, आधार असलं की काम भागतं. नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच भरा, घरातलं लाडाचं नाव भरू नका. आणि बुकिंगची प्रिंट काढून घ्या, कागदावर. सगळे स्क्रीनशॉट घेऊन जातात आणि मोबाईल तर बाहेर जमा करायचाय, मग दाखवणार काय? झेरॉक्सच्या दुकानात दोन रुपयांचं काम असतं ते.

चप्पल आणि मोबाईल

खरी गडबड इथं होते. पदस्पर्शाला तुम्ही दर्शन मंडपाच्या बाजूने आत जाता, विठोबाचं दर्शन झालं की तिथूनच रुक्मिणीमातेचं दर्शन आणि मग पश्चिमद्वाराच्या बाजूने बाहेर. म्हणजे जिथं चप्पल काढली तिथं तुम्ही बाहेर येतच नाही. दारात ढिगाऱ्यात चप्पल काढून ठेवली तर देवळाला वळसा घालून अनवाणी परत जायचं आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडचं ऊन माहितीये, दुपारी दगड असा तापतो की माणसं नाचत जातात. म्हणून सगळ्यात बरं म्हणजे चप्पल गाडीत किंवा खोलीवरच ठेवायची, ते नसेल तर चप्पल स्टँडवर द्यायची आणि टोकन नीट जपायचं. उन्हाळ्यात जुने मोजे घालून जा, कुणी हसत नाही.

मोबाईल आत नेता येत नाही, जमा करायला लॉकरची सोय आहे. फोटोचा प्रश्न तिथंच मिटतो, गाभाऱ्यात आणि रांगेत फोटो-व्हिडिओ काही नाही, कॅमेरा पण नाही. बाहेरून महाद्वाराचा, नामदेव पायरीचा, चंद्रभागेच्या वाळवंटाचा फोटो हवा तेवढा काढा, फक्त अंघोळ करणाऱ्या बायकांकडे कॅमेरा नको आणि कीर्तन करणाऱ्या बुवांच्या तोंडासमोर मोबाईल नको. मोबाईल नसल्यामुळे माणसं चुकतात ही मोठी भानगड आहे. म्हणून आत जायच्या आधीच भेटायची जागा ठरवा, पश्चिमद्वाराच्या बाहेर एखादं दुकान बोटाने दाखवून सांगा, नुसतं 'बाहेर भेटू' म्हणू नका. लहान पोराच्या खिशात बापाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

हार, तुळस, बुक्का

विठोबाला तुळस आणि बुक्का, एवढं पुरे. दुकानदार परडी भरून देईल, नारळ, पेढे, चुनरी, अगरबत्ती, पण पदस्पर्शाला जाताना हात मोकळे पाहिजेत हे लक्षात ठेवा. एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात पेढ्याचा बॉक्स असला की पायावर डोकं ठेवायला वाकणार कसे. तुळशीची एक माळ घ्या, भाव आधी विचारा. वाटेत कुणी न विचारता कपाळाला गंध लावतं आणि मग पैसे मागतं, नको असेल तर आधीच मान हलवून नको म्हणा, हवं असेल तर पाच-दहा रुपये द्या, भांडत बसू नका. पैसे द्यायचे ते दानपेटीत टाका किंवा देणगी काउंटरवर देऊन पावती घ्या, गाभाऱ्यात कुणाच्या हातावर ठेवू नका.

नामदेव पायरीवर पाय द्यायचा नाही. पहिल्या पायरीशी संत नामदेवांनी समाधी घेतली असं मानतात, ती पायरी आता पितळेने मढवलेली आहे आणि समोरच चोखोबांची समाधी आहे. आधी इथं डोकं टेकायचं आणि मग विठोबाकडं, अशी रीत आहे.

गाभाऱ्यात नेमकं काय करायचं

इथं तुम्हाला दोन-तीन सेकंद मिळतात, हो, एवढेच. त्यामुळे दारात पोचायच्या आधीच टोपी काढा आणि चष्मा काढून खिशात ठेवा, नाहीतर पायावर डोकं ठेवताना चष्मा आधी आपटतो आणि ते सावरण्यातच वेळ जातो. माळ सेवेकऱ्याच्या हातात द्या, दोन्ही हात आणि कपाळ पायांना लावा, चेहऱ्याकडे एकदा बघा आणि सरका. विटेला, कमरेवरच्या हातांना हात लावायला जाऊ नका. पायावर बुक्का घासायचा नाही, नाणं ठेवायचं नाही, तेल-क्रीम लावलेले हात नकोत. दगडाची मूर्ती आहे, रोज हजारो हातांनी झिजते, म्हणून मूर्तीला वज्रलेप, म्हणजे झीज थांबवणारा लेप, करायची वेळ आलेली आहे. 2024 मध्ये मंदिराच्या दुरुस्तीसाठी मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत पदस्पर्श बंदच ठेवला होता, म्हणजे पदस्पर्श कायम चालूच असेल असं धरून चालू नका, निघायच्या आधी समितीच्या साईटवर बघा.

सेवेकरी पाठीवर हात ठेवून पुढं ढकलतो, त्याचा राग धरू नका, मागं पोरंबाळं घेऊन बायका उभ्या असतात.

आता ते शेजारचं कुटुंब. नवरा-बायको, सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी, आजींचे गुडघे दुखतात. त्यांना मी असं सांगितलं. मंगळवारी सकाळी सहाला सोलापूर सोडा, मोहोळमार्गे आठपर्यंत पोचाल. गाडीतच चपला आणि दोन मोबाईल ठेवा, तिसरा सुनेकडे, आत जाताना तिने तो लॉकरला जमा करायचा. आजी आणि सून मुखदर्शन घेतील, जिने नकोत, उभं राहणं कमी. नवरा आणि मुलगी पदस्पर्शाच्या रांगेत, मुलीने आधी बाथरूमला जाऊन यावं आणि खिशात बिस्किटाचा पुडा असावा. आजींनी विचारलं, मग मी देवाच्या पाया कशी पडणार? तर आजींना सांगितलं की वारकरी कळसाला हात जोडून परत फिरतात, त्यांची वारी पोचत नाही का.

पुढच्या खेपेला सून पदस्पर्शाला आणि नवरा आजींसोबत, अशी वाटणी त्यांनी तिथंच बसून करून टाकली. रांगेत कुणी पाया पडलं तर गोंधळू नका, इथं सगळे एकमेकांना माउली म्हणतात आणि वयाचा विचार न करता पाया पडतात, तुम्हीही वाकून परत पडायचं. आणि प्रसादाचा लाडू समितीच्या काउंटरवरूनच घ्या, बाहेर त्याच नावाने काहीही विकतात.