टोकन तुमच्या मोबाइलवर, पण इंडेक्स टू कोणाच्या नावावर?
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचं काम विक्रीपत्राचा मसुदा करण्याचं, शोध अहवाल काढण्याचं आणि दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदवून घेण्याचं. गेल्या काही महिन्यांत मात्र लोक एक नवीनच गोष्ट घेऊन येताहेत. मोबाइलवरचं एखादं ॲप पुढे करून विचारतात, "यात वर्धा रोडवरच्या दुकानाचा हिस्सा दहा हजारात मिळतोय. घेऊ का?" प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून पुरत नाही, म्हणून हे लिहिलं आहे.

असं ॲप हा हिस्सा 'टोकन' म्हणून विकतं. टोकन म्हणजे ब्लॉकचेन नावाच्या सामाईक डिजिटल वहीतली एक नोंद. ही वही एकाच संगणकावर नसते, अनेक ठिकाणी तिच्या प्रती असतात, त्यामुळे मागची नोंद कुणी गुपचूप खोडू शकत नाही. ही गोष्ट खरी आहे आणि कामाचीही आहे. आम्हाला पडणारा प्रश्न वेगळा आहे. त्या वहीतल्या नोंदीला आपला कायदा काय म्हणून ओळखतो?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण रचना अशाच असतात. एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी फक्त एका दुकानासाठी स्थापन केली जाते. लोकांकडून २ कोटी रुपये गोळा होतात आणि त्याबदल्यात १०,००० रुपयांचं एक अशी २,००० टोकन दिली जातात. कंपनी १ कोटी ८२ लाखांना दुकान घेते. शहरात अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांच्या आसपास धरलं, वर ३०,००० रुपये नोंदणी फी, तर साधारण १३ लाख इथेच गेले. उरलेले ५ लाख कंपनी उभी करणं, वकील आणि ॲपवाल्यांचं कमिशन. म्हणजे तुम्ही १०,००० भरले त्याच दिवशी तुमच्या टोकनमागे ९,१०० रुपयांचं दुकान उभं आहे. यात लबाडी नाही, कोणतीही खरेदी अशीच असते. जाहिरातीत मात्र ही ओळ नसते.

आता हे दुकान कोणाचं? विक्रीपत्र कंपनीच्या नावावर आहे, दस्त नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू कंपनीच्या नावावर आहे, आखीव पत्रिकेवरही कंपनीच चढेल. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५४ सांगतं की १०० रुपये आणि त्यावरच्या किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणीकृत दस्तच लागतो. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ आणि ४९ मध्येही तेच आहे, की नोंदणी नाही तर मालकी सरकत नाही. टोकन कितीही हातांतून फिरलं तरी दुय्यम निबंधकांच्या दप्तरात एक अक्षर हलत नाही.

नागपूरकरांना हे समजावून सांगायला फार वेळ लागू नये. बयाणापत्र, कब्जापत्र आणि आममुखत्यारपत्र एवढ्या कागदांवर आपल्याकडे ले-आउटच्या ले-आउट विकले गेले. लोकांनी वर्षानुवर्षं कर भरला, घरं बांधली, आणि मग नियमितीकरणाच्या पत्रासाठी, म्हणजे आरएलसाठी, सुधार प्रन्यासाच्या चकरा मारल्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्टच सांगितलं की मुखत्यारपत्रावर झालेल्या अशा 'विक्री'ने मालकी मिळत नाही. टोकनकडे पाहताना आम्हाला तीच कच्ची लिखापढी आठवते, फक्त या वेळी तिला पासवर्ड आहे.

ॲपवाले यावर उत्तर देतात, आणि ते ऐकण्यासारखं आहे. ते म्हणतात, आम्ही दुकान विकतच नाही, कंपनीचे शेअर विकतो. शेअर विकायला निबंधक कार्यालयात जावं लागत नाही, ७ टक्के शुल्कही लागत नाही. बरोबर आहे. मधे कंपनी उभी करण्याचं मोठं कारण तेच आहे. पण मग शेअरचे नियम लागू होतात. शेअरधारक कोण, हे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८८ खाली ठेवलेल्या सभासद नोंदवहीवरून ठरतं. शेअर कागदी असेल तर तो दुसऱ्याच्या नावे करायला एसएच-४ फॉर्म लागतो, डीमॅटमध्ये असेल तर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीची नोंद लागते. टोकन एका वॉलेटमधून, म्हणजे डिजिटल पाकिटातून, दुसऱ्यात गेल्याने यातलं काहीच आपोआप घडत नाही.

म्हणजे वह्या तीन झाल्या: निबंधकांची, कंपनीची आणि ब्लॉकचेनची. न्यायालय पहिल्या दोन वाचतं. तिसरीला वजन कुठून येतं, तर तुम्ही ॲपवर 'मान्य आहे' म्हणून टिक केलेल्या करारातून. तो करार कोणाशी आहे, कंपनीशी की ॲप चालवणाऱ्याशी, हे आम्ही सगळ्यात आधी पाहतो. करार फक्त ॲपवाल्याशी असेल तर ॲप बंद पडल्यावर तुमच्या हातात दुकानही नाही आणि शेअरही नाही. उरते फक्त त्या ॲपवाल्याकडून येणे असलेली रक्कम.

संख्येवरूनही बरंच कळतं. प्रायव्हेट कंपनीला २०० पेक्षा जास्त सभासद ठेवता येत नाहीत, आणि खासगी पद्धतीने शेअर देऊ करायचे तर एका आर्थिक वर्षात २०० पेक्षा जास्त लोकांना देता येत नाहीत. ॲपवर 'या दुकानाचे ७५० मालक' असं अभिमानाने लिहिलेलं असेल, तर ते ७५० जण सभासद नोंदवहीत असणं शक्यच नाही. मग ते कुठे आहेत, हे विचारा. लोकांचा पैसा एकत्र करून त्यांच्या वतीने कुणीतरी चालवत असेल आणि रोजच्या कारभारात त्यांचा हात नसेल, तर सेबी कायद्याच्या कलम ११एए खाली ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरू शकते. तिला सेबीची नोंदणी लागते.

भाड्याचा हिशेब पाहू. भाडं महिना १ लाख, वर्षाचे १२ लाख, म्हणून जाहिरातीत '६ टक्के'. त्यातून घरपट्टी, विमा, डागडुजी १ लाख २० हजार आणि व्यवस्थापन फी २ लाख गेली. उरलेल्यावर कंपनी स्वतः आयकर भरेल, तो साधारण २ लाख धरा. वाटायला राहिले ६ लाख ८० हजार, म्हणजे टोकनमागे ३४० रुपये. हे झाले ३.४ टक्के, आणि लाभांश म्हणून हातात आले की तुमच्या स्लॅबप्रमाणे त्यावर पुन्हा कर. दुकान वर्षात एक महिना रिकामं राहिलं तर आणखी घट.

तर मग ही कल्पना सगळी फोलच का? नाही. रोख्यांच्या बाबतीत ती खरोखर चालते, आणि का चालते ते पाहिलं की मालमत्तेचं कुठे अडतं तेही कळतं. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने २०२१ मध्ये १० कोटी युरोचा रोखा इथेरियम या ब्लॉकचेनवर काढला. हाँगकाँग सरकारने २०२३ मध्ये ८० कोटी हाँगकाँग डॉलरचा हरित रोखा टोकन स्वरूपात काढला. रोखा म्हणजे मुळातच पैसे परत करण्याचं एक वचन असतं, त्याला ना चतुःसीमा असतात ना भाडेकरू. ते वचन कोणत्या वहीत लिहायचं हे कायद्याने ठरवलं की झालं. स्वित्झर्लंड आणि जर्मनीत २०२१ मध्ये लागू झालेल्या कायद्यांनी तेच ठरवलं. आपल्याकडेही असं एकदा झालंय. १९९६ च्या डिपॉझिटरीज कायद्याने डीमॅटची नोंद हीच मालकी असं सांगितलं, म्हणून आज कागदी शेअर सर्टिफिकेट नसलं तरी आपण निवांत झोपतो. टोकनसाठी असा कायदा आपल्याकडे झालेला नाही. गुजरातमधल्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्राच्या नियामकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये या विषयावर सल्लामसलतीचा कागद काढला, पण तो कायदा नव्हे.

आणि दुकान हे दुकान असतं. त्याचं छप्पर गळतं, भाडेकरू भाडं थकवतो, दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम येतो. यातलं काहीही ब्लॉकचेनला कळत नाही. मालमत्तेवर जप्ती आली तरी टोकन ॲपवर विकत राहतात. अमेरिकेत डेट्रॉइट शहराने २०२५ मध्ये घरांची टोकन विकणाऱ्या एका कंपनीवर दावा लावला. शेकडो घरं नादुरुस्त, धोकादायक अवस्थेत असल्याचा शहराचा आरोप होता. टोकनधारक जगभर विखुरलेले. नळ दुरुस्त करायला त्यातलं कोण जाणार?

सगळ्यात मोठा धोका गहाणाचा. कंपनीने दुकान तारण ठेवून कर्ज उचललं आणि ते बुडालं, तर दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ५३ प्रमाणे तारणवाली बँक आधी, शेअरधारक अगदी शेवटी. म्हणून कंपनीचा क्रमांक घेऊन कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर तिच्यावरचे बोजे तपासा, आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या मालमत्तेचा ई-शोध घ्या. मौजा, खसरा क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक मागितल्यावर जो देत नाही, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

वारसांचंही पाहा. गुंतवणूकदार वारला आणि वॉलेटची गुप्त किल्ली कुणालाच माहीत नसली, तर वारस दाखल्याने टोकन हलत नाही. चांगल्या रचनेत यासाठी सोय ठेवलेली असते. ERC-3643 या प्रकारच्या टोकनमध्ये `recoveryAddress` आणि `forcedTransfer` अशी फंक्शन्स असतात, त्यांनी कंपनीचा नेमलेला माणूस टोकन दुसऱ्या वॉलेटवर फिरवू शकतो. सोय चांगली, पण मग 'तुमची नोंद कुणीच बदलू शकत नाही' हे वाक्य खोटं ठरतं. ही फंक्शन्स चालवायचा अधिकार कोणाकडे आणि कोणत्या कागदावर, हे करारात लिहिलेलं हवं.

कराबाबत थोडक्यात. आयकर कायद्यातली आभासी डिजिटल मालमत्तेची व्याख्या फार रुंद आहे. तुमचं टोकन त्यात बसलं तर नफ्यावर सरळ ३० टक्के कर, तोटा दुसरीकडे वळता होत नाही, आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस. जून २०२२ च्या अधिसूचनेने यातून काही एनएफटी, म्हणजे एकासारखं दुसरं नसलेली टोकन, वगळली, पण अट अशी की ती हस्तांतरित केल्याने मागच्या वस्तूची मालकी सरकली पाहिजे आणि ती कायद्याने बजावता आली पाहिजे. वरच्या दुकानाचं टोकन या अटीवरच अडकतं.

छोट्या रकमेत हिस्सा हवा असेल तर कायद्याच्या चौकटीतले रस्ते आहेत. रीट म्हणजे अनेकांचा पैसा गोळा करून भाड्याच्या मालमत्ता घेणारा, सेबीकडे नोंदलेला ट्रस्ट. मोठ्या रीटचे युनिट शेअर बाजारात एकेक मिळतात. ५० ते ५०० कोटींच्या मालमत्तांसाठी सेबीने २०२४ मध्ये लघु व मध्यम रीट आणले, तिथे किमान १० लाख लागतात. सरकारी रोखे आरबीआय रिटेल डायरेक्टवर १०,००० पासून घेता येतात.

आमच्याकडे येताना टोकनचा स्क्रीनशॉट नव्हे, तर करारनामा, कंपनीचा क्रमांक आणि मालमत्तेचा इंडेक्स टू आणा. कंपनीच्या नावावरच्या मालमत्तेचा शोध अहवाल आम्ही देऊ, सभासद नोंदवहीत तुमचं नाव येणार का, हे कंपनीला लेखी विचारून देऊ. टोकनचा शोध अहवाल मात्र आम्ही देत नाही. तो कोणत्या दप्तरात शोधायचा, हे अजून कायद्याने सांगितलेलं नाही.