पार्किंगमधली भिंत पाडायच्या आधी हे वाचा

मागच्या महिन्यात नागपुरातल्या आमच्या मनीषनगरच्या सोसायटीत मीटिंग झाली, विषय एकच, गाड्या वाढल्या आणि जागा नाही. वॉचमनच्या खोलीशेजारची विटांची भिंत पाडली की दोन गाड्या आरामात बसतात असं ठरत होतं, कारण "वजन तर कॉलम घेतात, भिंत नुसती आडोशाला". मी तिथेच थांबवलं, कारण वजनापुरतं हे बरोबर आहे पण भूकंपात साफ चूक आहे.

भूकंपात बिल्डिंगवर वरून जास्तीचं वजन येत नाही, जमीन आडवी हलते. पाया जमिनीबरोबर जातो, वरचे मजले जागेवरच राहायला बघतात (बस अचानक सुटली की आपण मागे पडतो तसं) आणि ती सगळी ओढाताण कॉलममधून जाते. मग प्रश्न असा की एखादा मजला आडवं सरकायला किती विरोध करतो, म्हणजे किती ताठ आहे.

इथे ढोबळ हिशेब करून बघा. बारा बाय बारा इंचांचा कॉलम, तीन मीटर उंच, त्याचा ताठपणा एक धरू. दोन कॉलम आणि वरखालच्या बीमच्या चौकटीत घट्ट बसवलेली नऊ इंची विटांची भिंत, साधारण चार मीटर लांब, आडव्या हालचालीला अशा चार कॉलमइतकी तरी ताठ निघते, कारण चौकट तिरपी व्हायला लागली की भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरक्या टेकूसारखी दाबली जाते. दार-खिडकी असेल तर कमी, पण तरी बरंच.

आता पार्किंगवर चार मजले आणि बारा कॉलमची बिल्डिंग घ्या. वरच्या मजल्यावर एका दिशेला अशा सहा भिंती असल्या तर ताठपणा १२ अधिक २४, म्हणजे ३६. खाली पार्किंगमध्ये भिंती नाहीत, म्हणून फक्त १२. तळमजला वरच्याच्या एक तृतीयांश! त्यात आडवा जोर सगळ्यात जास्त तळमजल्यावरच येतो, कारण वरच्या सगळ्या मजल्यांचा धक्का तिथे जमा होतो. मग वरचे चार मजले एका ठोकळ्यासारखे एकत्र हलतात आणि जवळपास सगळं सरकणं खालच्या तीन मीटरमध्ये होतं. कॉलमची वरची आणि खालची टोकं वाकतात, काँक्रीट फुटतं, सळया बाहेर येतात, आणि मग तो ठोकळा अख्खाच्या अख्खा खाली बसतो. वरच्या फ्लॅटांच्या भिंतींना फार तडे नसताना तळमजला गायब, असं दिसतं ते याच्यामुळे. यालाच सॉफ्ट स्टोरी म्हणतात.

बरं, डिझाइनमध्ये हे कसं सुटतं? कारण कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये बहुतेक वेळा फक्त कॉलम-बीम असतात, भिंतीचं वजन धरतात पण तिचा ताठपणा नाही. मग कागदावर सगळे मजले सारखेच दिसतात.

२६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत अशा पार्किंगवाल्या कितीतरी अपार्टमेंट कोसळल्या. पुढे २००२ च्या आयएस १८९३ मध्ये, म्हणजे भूकंपासाठीच्या भारतीय बांधकाम कोडमध्ये, अशा मजल्याचे कॉलम-बीम नेहमीच्या भूकंपाच्या जोराच्या अडीच पट धरून डिझाइन करा, असा पर्याय आला. त्याआधी उभ्या राहिलेल्या बिल्डिंगांना तो नियम लागलेलाच नाही, आमचीही त्यातलीच.

कोणी म्हणेल नागपूर देशाच्या मधोमध, इथे कुठला भूकंप. खरंय, २०१६ च्या कोडमध्ये आपण झोन दोनमध्ये होतो, म्हणजे सगळ्यात कमी धोका, भीतीने झोप उडवायची गरज नाही. पण २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप इथेही जाणवला होता आणि जबलपूरलाही उघड्या पार्किंगचे कॉलमच जास्त फुटले. बाकी ग्रहांची युती आणि अमुक तारखेला भूकंप असे मेसेज फिरवू नका, तारीख-वेळ आधी सांगणं आज कोणालाही जमत नाही.

मग करायचं काय? आहे ती भिंत पाडू नका, आधी एवढंच. आणि नवीन बांधायची तर एकाच बाजूला नको, नाहीतर ती बाजू ताठ, दुसरी ढिली आणि बिल्डिंग पिळवटते. दोन्ही दिशांना समोरासमोर, खालपासून बीमपर्यंत पूर्ण. कमरेएवढी अर्धी भिंत तर मुळीच नको, तिच्या वर उरलेला कॉलमचा छोटा तुकडाच सगळा मार खातो आणि तिरका फुटतो. कॉलमच्या टोकांजवळ उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा किती अंतरावर आहेत तेही बघायचं असतं, चार इंचांच्या आत हव्यात, जुन्या कामात आठ-आठ इंचांवर सापडतात आणि त्यांचे हुक आत वळवलेले नसतात. हे प्लास्टरवरून दिसत नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरला मशीन लावून तपासावं लागतं, कमी निघालं तर कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे भोवती सळया-काँक्रीटचा नवा थर, किंवा मध्ये आडवा जोर घेणारी काँक्रीटची भिंत, म्हणजे शिअर वॉल.

आमच्याकडे आता ती भिंत राहिली, समोरच्या बाजूला तेवढीच एक बांधायची का ते इंजिनियर येऊन सांगणार आहे, आणि त्या दोन गाड्या सध्या रस्त्यावरच उभ्या राहतात.